चौथी नळी

आमची आत्या कुणाच्याही घरी गेली की चहाच्या आधी बंद बाथरूममध्ये शिरते. पाहुण्यांच्या खोलीला लागून असलेलं, महिनोन्‌महिने न वापरलेलं बाथरूम तिला बरोबर सापडतं. आत जाते, तांब्याभर पाणी जमिनीतल्या जाळीवर ओतते आणि पदराला हात पुसत बाहेर येते.

"झालं. आता आण चहा."

यजमानीणबाई गोंधळतात. मग आत्या समजावते, "जाळीखाली पाइपाला बाक असतो. त्या बाकात चार बोटं पाणी थांबून राहतं. तेवढं पाणी म्हणजेच दार, बाई. पलीकडे अख्खं गटार उभं आहे आणि अलीकडे तू. वापर नसला की ते पाणी वाळतं आणि दार उघडं पडतं. मग तू सगळीकडे मेलेला उंदीर शोधत बसतेस."

आत्या प्लंबर आहे. आजोबांचं पाइप-फिटिंगचं दुकान होतं. ते खरं तर माझ्या बाबांकडे जायचं, पण बाबांना पालींची भीती आणि पाली तर पाइपांच्या गठ्ठ्यांमागेच राहतात. त्यामुळे पान्हे आत्याच्या हातात आले ते आलेच. आता ती चौपन्न वर्षांची आहे. ठेंगणी, घट्ट अंबाडा, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. पिशवीत दहा हत्यारांच्या जोडीला विणकामाची एक लांब सुई. त्या सुईवर नेलपॉलिशची लाल रेघ. सुई जाळीतून खाली सोडायची, तळाला टेकवायची, वर काढून बघायची. ओल रेघेपर्यंत आली तर पाणी पुरेसं, खाली राहिली तर दार किलकिलं झालंय.

"विणकाम कधी केलंत का हो या सुईने?" असं कुणी विचारलं की म्हणते, "एकदा सुरू केला होता स्वेटर. तो अजून एका बाहीचा आहे."

गेली सहा वर्षं ती एका सात मजली व्यापारी इमारतीची प्लंबर आहे. वर कार्यालयं, खाली दोन तळघरं. तळघरात जमिनीतल्या जाळ्या अकरा. बहुतेक जाळ्यांना वर्षातून एकदाही पाणी दिसायचं नाही. त्या असतात त्या पाइप फुटला, पंप गळला तर पाणी जायला जागा हवी म्हणून. म्हणजे सगळं नीट चाललं तर त्या कोरड्याच पडणार. यावर दोन उपाय होते. एक म्हणजे तळमजल्यावर भिंतीतल्या कपाटात बसवलेला प्रायमर: मुठीएवढा पितळी व्हॉल्व्ह. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश सोडला की पाइपातलं प्रेशर क्षणभर पडतं, त्या धक्क्याने प्रायमर चमचाभर पाणी खाली सोडतो, आणि ते पाणी खालच्या छोट्या डब्यातून नळ्यांमध्ये वाटलं जाऊन जाळ्यांच्या बाकात पडतं. दिवसभर माणसं फ्लश करतात, दिवसभर जाळ्यांना घोट घोट मिळत राहतो. दुसरा उपाय म्हणजे झपझप.

झपझप ही सफाईवाली. चालणं असं की समोरून येतेय म्हणेपर्यंत पाठ दिसते, म्हणून अख्खी इमारत तिला झपझप म्हणायची आणि तिची काही हरकत नव्हती. दर सोमवारी ती बादली घेऊन तळघरात उतरायची, अकरा जाळ्यांवर पाणी ओतायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात अकरा सह्या करायची. ज्या तीन जाळ्यांना प्रायमरचं पाणी होतं, त्यांनाही ओतायची.

"अगं, त्या तिघींना मिळतं पाणी," आत्याने एकदा सांगितलं होतं.

"मिळू दे की. यांच्यासमोरून बादली घेऊन जायचं आणि यांना द्यायचं नाही, बरं दिसतं का ते?"

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आत्याने इमारतीत नवा पंप बसवून घेतला. जुना पंप धाडकन चालू व्हायचा, धाडकन बंद व्हायचा, पाचव्या मजल्यावर नळ सोडला की सहाव्यावरचा रुसायचा. नवा पंप स्वतःच वेग कमी-जास्त करतो. कुणी फ्लश सोडो, कुणी चार नळ सोडो, प्रेशरच्या घड्याळातला काटा जागचा हलत नाही. आत्याने पंपखोलीत मॅनेजरसाहेबांना उभं करून वर सगळे नळ सोडायला लावले आणि काट्याकडे बोट दाखवलं.

"बघा. ढिम्म."

मॅनेजरांनी त्या काट्याचा फोटो काढून सगळ्या भाडेकरूंना पाठवला. त्यांचा प्रत्येक संदेश 'तातडीने' या शब्दाने सुरू होतो, म्हणून त्यांचं नाव तातडीसाहेब. हा एकच संदेश 'अभिनंदन'ने सुरू झाला होता. आत्याने तो फोटो आमच्या घरीही सगळ्यांना दाखवला. बाबांना दोनदा.

त्यानंतर दोन महिन्यांनी पहिल्या तळघरात वास येऊ लागला.

वास येत होता कानाच्या दवाखान्यात. ऐकण्याच्या तपासण्या करणाऱ्या मॅडमनी नऊ वर्षांपूर्वी मुद्दाम तळघरातली जागा घेतली होती, रस्त्याचा आवाज नको म्हणून. जमिनीवर लाकडी फळ्यांचं उंच फ्लोअरिंग, त्यावर जाड गालिचा, भिंतींना गाद्या. अशा बंद जागेत वास शिरला की तो पाहुण्यासारखा मुक्कामच ठोकतो. पेशंट हेडफोन लावायचे आणि नाक धरायचे. मॅडमनी दोनदा तक्रार केली, तिसऱ्यांदा जागा सोडण्याचं पत्र दिलं.

मंगळवारी तातडीसाहेबांनी आत्याला आणि झपझपला ऑफिसात बोलावलं. टेबलावर भिंतीवरचा तक्ता काढून आणून ठेवला होता.

"या सह्या कुणाच्या?"

"माझ्या," झपझप म्हणाली.

"दर सोमवारी पाणी घालता?"

"घालते."

"मग वास कुठून येतो?"

"तो मला सांगून येत नाही, साहेब."

"हे बघा, मला उलट उत्तरं नकोत. सही करायला बादली लागत नाही, पेन पुरतं. मी सफाईच्या ठेकेदाराला कळवलंय. शनिवारनंतर तुमच्या जागी दुसरी बाई येईल."

आत्या सांगते, झपझपला पहिल्यांदा स्थिर उभी पाहिली ती तेव्हा. बारा वर्षं त्या इमारतीत होती ती. धाकटीची शाळा इमारतीच्या मागच्याच गल्लीत, नवरा खाटेला खिळलेला, दुपारच्या सुट्टीत ती त्याला जेवू घालून यायची. ठेकेदाराने गावाच्या दुसऱ्या टोकाला काम दिलं, तर दुपारी त्या माणसाला भरवणारं कुणी नव्हतं.

"साहेब, शनिवारपर्यंत मला बघू द्या," आत्या म्हणाली.

"बघा. पण तातडीने."

जिन्यावर आल्यावर आत्याने विचारलं, "खरं सांग. एखादा सोमवार चुकला?"

"ताई, मला ताप असला तरी नवऱ्याच्या आधी जाळ्यांना पाजलंय. त्याला सांगू नका."

आत्या सुई घेऊन फिरली. अकरा जाळ्या, अकरा वेळा सुई खाली. अकरा वेळा ओल लाल रेघेपर्यंत. एकही कोरडी नाही. वर जाऊन तिने तातडीसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बोलणी खावी लागणार हे कालच कळलं असेल, म्हणून घाईने ओतलं असेल."

बुधवारी दुपारी ती भिंतीतल्या कपाटापाशी गेली. इतर सगळं बघून झालं होतं, हे एक राहिलं होतं म्हणून. पत्र्याचं दार उघडलं, टॉर्च मारला. प्रायमरखाली वाटपाचा डबा असतो, त्याला बाजूंनी खिडक्या असतात, म्हणजे पाणी हवेतून खाली पडतं आणि गटाराकडचं घाण पाणी कधी उलटं पिण्याच्या पाण्यात चढत नाही. त्या खिडकीत आत्याने बोट घातलं. बोट कोरडं निघालं. बोटाला कोळ्याचं जाळं लागलं.

आणि जाळं अर्धवट नव्हतं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नीट विणलेलं, मध्ये दोन वाळलेले डास. दिवसातून शंभर वेळा जिथे पाणी पडायला हवं, तिथे कोळ्याने संसार थाटला होता.

आत्या तिथेच पालथ्या बादलीवर बसली. प्रायमर बिघडला असेल, असं आधी तिला वाटलं. मग तिच्या डोळ्यांसमोर तो काटा आला. ढिम्म काटा. प्रायमर जगतो तो प्रेशरच्या धक्क्यावर. फ्लश सोडला की काटा खाली पडला पाहिजे, तर तो पाणी सोडणार. आणि काटा पडूच नये असा पंप तिनेच निवडला होता, तिनेच बसवला होता, त्याचा फोटो बाबांना दोनदा दाखवला होता. साडेतीन महिने प्रायमर उपाशी होता. ते कुणाला कळलं नाही, कारण झपझप त्या तीन जाळ्यांनाही दर सोमवारी बादली देत होती.

तिथे कुणी नव्हतं. 'जुना झाला होता, बदलला' एवढं वहीत लिहिलं असतं तरी आत्याला कुणी खोटं पाडलं नसतं.

मग टॉर्च फिरवताना तिला नळ्या दिसल्या. तिने आजवर त्या कधी मोजल्याच नव्हत्या. एक पंपखोलीकडे, एक कचराखोलीकडे, एक जिन्याखालच्या मोरीकडे. आणि त्यांच्या मागून, भिंतीला चिकटून, चौथी. चौथं तोंड बूच मारून बंद केलेलं असेल, असं ती सहा वर्षं धरून चालली होती. तिने हाताने चाचपलं. बूच नव्हतं. नळी होती, आणि सरळ काँक्रीटमध्ये शिरत होती.

नळ्या चार, आणि जाळ्या तीन.

गुरुवारी सकाळी ती कानाच्या दवाखान्यात गेली. "मॅडम, तुमच्या आधी इथे काय होतं?"

"मी आले तेव्हा रिकामं होतं. कुणी म्हणायचं, कँटीनची भांडी घासायची जागा होती."

"भांडी," आत्या म्हणाली. "मग तासभर तुमचा एसी बंद करा, पेशंट थांबवा, आणि तुमचे कान मला उसने द्या."

झपझपला तिने कपाटापाशी उभं केलं, हातात फोन दिला. "हा व्हॉल्व्ह बंद केलास की या फाट्याचं पाणी तुटतं. मग शेजारचा नळ सोडायचा, प्रेशर पडेल. टक्‌ असा आवाज आला की प्रायमरने पाणी सोडलं. नळ बंद, व्हॉल्व्ह उघड, पाइप भरू दे. की पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणेन तेव्हा."

"आणि कोळी?"

"त्याला काल हलवलंय. संसारासकट."

खाली आत्या आणि मॅडम गालिच्यावर आडव्या झाल्या, कान जमिनीला. एसी बंद. दवाखाना असा शांत की आत्याला स्वतःचे गुडघे ऐकू येत होते.

"सोड," ती फोनवर म्हणाली.

"टक्‌ आला," झपझपचा आवाज.

काही नाही.

"पुन्हा."

"आला."

काही नाही. तिसऱ्या वेळी दारात तातडीसाहेब उभे. दोन बायका जमिनीवर कान लावून पडलेल्या पाहून त्यांचं वाक्य 'ताता'वरच अडलं.

"बूट काढा आणि बोलू नका," मॅडम डोळे मिटूनच म्हणाल्या. साहेबांनी बूट काढले.

पाचव्या वेळी मॅडमनी हात वर केला. मग त्या कोपरांवर सरकत खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेखाली गेल्या. "इथे. टिप, टिप, आणि मग बारीक धार. ऐकू येतंय?"

"नाही," आत्या म्हणाली.

"डाव्या कानाने ऐका."

"डावाच लावलाय."

मॅडमनी डोळे उघडले. "हे संपलं की तुम्ही त्या खोलीत बसायचं. तपासणीला. किती वर्षं ड्रिल मशीन चालवताय?"

"आधी जाळी," आत्या म्हणाली.

गालिचा उलटला, तीन फळ्या उचकटल्या. खाली पोकळीत, धुळीखाली, पितळी जाळी. फळ्या निघताच जो वास वर आला, त्याने साहेब दोन पावलं मागे गेले, मोज्यांवर. आत्याने सुई सोडली, तळाला टेकवली, वर काढली. टोकाला जेमतेम ओल, आत्ता पडलेल्या पाच घोटांची. वर सगळी कोरडी. बाक रिकामा. नऊ वर्षं ही जाळी फक्त प्रायमरच्या घोटावर जगली होती, तिच्या डोक्यावर माणसं खुर्च्या टाकून बसली होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

साहेबांना एकदम हलकं वाटलं. "म्हणजे ज्याने हे फ्लोअरिंग केलं त्याची चूक. जाळी झाकली आणि नकाशात दाखवली नाही. उत्तम. मी तसं लिहितो."

"ती चूक आहेच," आत्या उठत म्हणाली. "पण नऊ वर्षं वास नव्हता. पाणी माझ्यामुळे थांबलं. नव्या पंपाने प्रेशर पडायचं बंद झालं आणि प्रायमर मेला. पंप बसवला त्या दिवशीच मी प्रायमर तपासायला हवा होता. तपासला नाही. काटा बघत बसले."

"अहो, पंप चांगला आहे."

"चांगलाच आहे. म्हणून तर."

"लोकांना मी फोटो पाठवलाय, ताई. आता काय सांगू? प्रायमर जुना झाला होता, एवढं पुरे."

"जुना झाला होता म्हणाल तर तिच्या सह्यांचं काय?" आत्याने फोन वर धरला, झपझप अजून लाइनवर होती. "हे बघा. त्या तीन जाळ्यांचा प्रायमर साडेतीन महिने बंद आहे. तिने बादली घातली नसती, तर पंपखोली, कचराखोली, जिना, तिन्हीकडून दीड महिना वास आला असता. आला का? एक तरी तक्रार? वास आला तो फक्त जिथे तिची बादली पोचूच शकत नव्हती तिथे. एका सोमवारच्या घाईने दीड महिना भरून निघत नाही. तिच्या सह्या खऱ्या आहेत, साहेब. खोटी पडली ती माझी खात्री. ठेकेदाराला कळवा."

"कळवतो."

"तातडीने," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी तिथेच, मोज्यांवर उभं राहून संदेश लिहिला. आत्याने वाचून बघितला. 'सफाई कर्मचाऱ्यास दोष नाही, बदली रद्द' एवढं होतं. मग तिने देखभालीची वही मागवली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'नवा पंप बसवताना प्रायमर तपासला नाही. चौथी नळी मोजली नाही. माझी चूक.' साहेब म्हणाले, शेवटचे दोन शब्द नसले तरी चालतील. आत्याने पेन्सिल अंबाड्यात परत खोचली. ती शाईने लिहीत होती, पेन्सिल नुसती सवयीने हातात आली होती.

फोन ठेवल्यावर अर्ध्या मिनिटात झपझप बादली घेऊन खाली. वाटेत कुठे भरली देव जाणे. ती जाळीपाशी वाकली, आत्याकडे न बघता.

"ताई, एक विचारू? तुमच्या पंपाने झालंय हे तुम्हाला कळलं कधी?"

"काल दुपारी."

"आणि मला आज सांगताय."

"आधी जाळी सापडायला हवी होती. नुसत्या बोलण्यावर त्यांनी ऐकलं नसतं."

"रात्री झोप लागली?"

"नाही."

"बरं झालं," झपझप म्हणाली, आणि बादली कलती केली.

पाणी आत गेलं तेव्हा गडप गडप असा आवाज झाला, तो मात्र आत्यालाही ऐकू आला. तिने सुई सोडली, वर काढली. ओल लाल रेघेच्या थोडी खाली.

"अजून थोडं."

"हे घ्या."

रेघेवर. दोघी तिथेच उकिडव्या बसून राहिल्या, वास कमी होण्याची वाट बघत. मॅडमनी एसी लावला.

आता त्या कपाटात घड्याळाचा प्रायमर आहे, विजेवर चालणारा. प्रेशर पडो न पडो, दिवसातून एकदा ठरल्या वेळी तो व्हॉल्व्ह उघडतो, काही सेकंद पाणी सोडतो, चारही नळ्यांना. दवाखान्याच्या गालिच्याला चौकोनी झाकण आहे, मूठ लावलेलं. आत्याचा डावा कान मॅडमनी तपासला. आलेख बघून त्या म्हणाल्या, कान तुमच्या पंपाच्या काट्यासारखा आहे, ढिम्म. तेव्हापासून ती ड्रिल चालवताना कानांत बोळे घालते आणि आम्ही हाक मारली की ओ देत नाही.

भिंतीवरचा तक्ता नवा छापला, त्यात बारा ओळी आहेत. घड्याळ आहे, मग त्या चार जाळ्यांना आता बादलीची गरज नाही, असं आत्याने झपझपला परत एकदा सांगितलं.

"तो पितळी प्रायमर होता तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात," झपझप म्हणाली, आणि सोमवारी बारा सह्या केल्या.